हात वर करून बसलेली ठमावयनी

आमच्या विहाराच्या फरशीवर चप्पल घालून पाय ठेवून पाहा एकदा. मी काई म्हननार नाई. मी हरिदास, कमिटीचा सेक्रेटरी आहो, पन माह्यं आयकते कोन? बोलते ते ठमावयनी. पोंभुर्ण्याच्या बाजाराच्या दिवशी ठमावयनी इथून बोलली त तिथी भाजीवाल्याच्या हातातलं वजन खाली पडते, असं लोक म्हनते. लोक जास्तीचं सांगते, पन भल्लं जास्तीचं नाई सांगत.

ठमावयनी म्हंजे माह्या मोठ्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला, लेकरूबाळ झालं नाई. माही पोरगी संघप्रिया तिच्याच मांडीवर वाढली. पोरगी माही, नाव मी ठेवलं, शाळेची फी मी भरली, अन् पोरगी आई म्हनते बायकोले अन् मोठमाय म्हनते हिले. मले नुसतं "बाबा, सरका जरासे" म्हनते. असं आहे आमच्या घरी.

विहारात आधी सिमेटचा कोबा होता. तो फुटला, उखडला, त्यात मुंग्या झाल्या. मंग दोन वर्सामागं गावानं वर्गनी करून पांढरा संगमरवर लावला. पांढरा म्हंजे असा, का दुपारी दार उघडलं त डोळे मिटावं लागते. मिस्त्री जाता जाता म्हने, "बाई, याले आंबट दाखवू नोका. लिंबू, चिंच, संडासाचं असिड, काईच नाई. हा दगड आंबटानं जळते. साधं पानी अन् थोडीशी साबन." मी उभा होतो तिथी, माह्या एका कानातून आत गेलं अन् दुसऱ्यातून बाहेर. वयनीनं मात्र ते असं धरलं, का दुसऱ्या दिवशी लिंबूपानी पीत पीत आलेल्या एका माणसाले तिनं पायरीवरूनच वापस पाठवला. तो बिचारा वंदनेले आलता.

तिचे हात तुमी पाह्यले नसन. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून, त्याच्या आधी मोह वेचून, पावसात धानाची रोवनी करून ते हात असे झाले होते, का दसऱ्याले सोनं दिलं त पान फाटून जाय. माती, चीक, राख, साबन. याच्याबिगर त्या हाताले दुसरं काई माहीत नाई. तिच्या आंगनाच्या कुपाले, म्हंजे कुंपनाले, मेंदीच आहे. गावातल्या प्रत्येक लग्नाले पाला तिच्या कुपातून जाते. पाला देते अन् वरून शिव्या देते: "शेंडे तोडा, बुडखा काऊन तोडता, तुमच्या बापानं लावलं काय?" पन तिनं सोता कधी लावली नाई. तिचं लग्न झालं तवा रोवनीचे दिवस होते. सकाळी लग्न अन् दुसऱ्या दिवशी चिखलात. मेंदी लावाले फुरसत कोनाले होती?

आता संघप्रियाचं लग्न निघालं. पोरगी गडचिरोलीले दवाखान्यात नर्स आहे, पोरगा तिथलाच. लग्न आमच्या विहारात, मे महिन्यात. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी. वयनीनं चार दिवसाआधीच हुकूम काढला.

"मेंदी घरी. विहारात मेंदीचा म नाई पाह्यजे मले."

"हाव वयनी," म्या म्हनलं.

पन आमचं घर टिनाचं. मे महिन्यात टिनाखाली दुपारी भाकर ठेवली त तव्याची गरज नाई. अकरा वाजले नाई का बायका घामानं चिंब झाल्या. मेंदीवाली पुनम आलती चंद्रपुरावरून, तिच्या कपाळावरचा घाम थेट संघप्रियाच्या हातावर टपकून राह्यला. वेल काढत होती अन् वेलीले पूर येत होता. शेवटी माही बायको नीलिमा म्हने, "वयनी, पोरगी आजारी पडन. विहारात पंखा आहे."

वयनीनं पोरीच्या कपाळाचा घाम पदरानं पुसला. मंग म्हने, "चटई आथरा. चटईवर पेपर. पेपरावर पोरगी. बाकीचे सारे वसरीत."

असं करता करता सारेच आत गेले. उन्हात कोन बसते वसरीत? बिछायतवाल्या पत्रूनं लग्नाच्या खुर्च्या आनून ठेवल्या होत्या, नवीन, पांढऱ्या, आजून पन्नीचा वास येत होता. बायका खुर्च्यावर बसल्या. नीलिमानं नवरीचं लुगडं आनून एका खुर्चीच्या पाठीवर टाकलं, घड्या मोकळ्या व्हाव्या म्हनून. पांढरं सुती लुगडं, निळे बारीक काठ. संघप्रियानं आपल्या पहिल्या पगाराचं घेतलं होतं अन् हेच नेसून लग्न लावीन म्हनून पेटीत ठेवलं होतं. वयनी दाराजवळ उभी, हातात फडकं, सगळ्यांच्या पायाकडं पाहून राह्यली.

संघप्रियाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. मंग ते म्हने, "मोठमाय, आता तू."

"हट्! माह्ये हात काय लग्नाचे आहे?"

"तू लावली नाई त मी माह्यी धुवून टाकतो."

"धू मंग. इथी नोको, बाहेर जाऊन धू."

पोरगी खरंच उठली. माह्यी पोरगी आहे, पन हट्ट ठमावयनीचा आहे. दाराबाहेरच्या बादलीपर्यंत गेली, तवा वयनीचा आवाज खाली आला. मी पाह्यलं, तिनं फडकं खांद्यावर टाकलं, हात पदराले पुसले, अन् पुसल्यावरही पुन्हा पुसले.

"तो मेंदीचा कोन नोको मले. नळीतलं ते वेलबुट्टीचं नोको," वयनी म्हने. "माह्या कुपातला पाला वाटला आहे पाट्यावर. कात अन् लिंबू घालून. वाटीत आहे. तोच लाव. तळहातावर चांदवा अन् बोटाले टोप्या. आमच्या मायच्या वक्ताले तसंच होतं."

पुनम हसली, पन तिनं लावलं. वयनी चटईच्या काठाले पाय सोडून बसली, दोन्ही हात समोर धरून. शेजारी रिकामी खुर्ची, खुर्चीवर वाटी, पाठीवर ते पांढरं लुगडं. चांदवा झाला, टोप्या झाल्या. मंग ठमावयनी, जिनं आयुष्यात कोनाले काई मागतलं नाई, ते सगळ्यांच्या देखत म्हने:

"आयका. संध्याकाळपर्यंत मी हे हात हालवनार नाई. आग लागली तरी नाई. एकदा तरी माह्या हाताले मातीबिगर दुसरा रंग चढू दे."

मी खाकरलो अन् पत्रूवर ओरडलो, का खुर्च्या काऊन तिरप्या ठेवल्या.

आता गंमत आयका. तवा लाईन गेलती. आमच्याकडं लाईन जाते, त्यात काई नवल नाई. पन पंख्याचं बटन कोनी बंद केलं नोतं, अन् रेग्युलेटर पाचावर. बायका पेपरानं वारा घेत होत्या. अचानक लाईन आली. पंखा भर्रकन सुटला. लुगड्याचा पदर उडाला, उडाला अन् नेमका वाटीत पडला. वयनी दचकली, हात वर, कोपर आडवं, कोपर लागलं वाटीले. वाटी खुर्चीवर उपडी झाली, खुर्चीवरून घरंगळली, अन् संगमरवरावर हिरवागार लेंडा पडला. वाटी फरशीवर गोल गोल फिरून राह्यली अन् तिचा तेवढा आवाज.

सारे ठमावयनीकडं पाहून राह्यले. तिचे दोन्ही हात हवेत.

मंग एकाच वक्ती सारे ओरडले. नीलिमा: "लुगडं! लुगडं!" पत्रू: "माही नवी खुर्ची!" मी सेक्रेटरी, मी ओरडलो: "फरशी!" पुनम म्हने, "वाळू देऊ नका, वाळलं की बसलं." तिनं ताज्या पाल्याच्या मेंदीचे रंग बहुत पाह्यले होते.

"पहिले पुसू नोका कोनी!" ठमावयनी गरजली. हात वर, मान पुढं. "पुसलं त पसरन. चमच्यानं उचला. कडेकडून मधात. नीलिमा, चमचा! पत्रू, पंखा बंद कर, वाऱ्यानं वाळते!"

आता विहारात होतं काय? एक चमचा, एक भांड्याच्या पातळ साबनीची बाटली, अर्धा डबा खायचा सोडा, अन् माह्या दाताचा जुना बुरूस, जो वयनी फरशीच्या कोपऱ्याले वापरते. अन् दावेदार तीन. नीलिमानं बाटली घेतली, पत्रूनं तिच्या हातातून ओढली.

"भाऊ, ते खुर्ची आजच पयल्यांदा बाहेर काढली," पत्रू म्हने.

"अरे गधड्या, तुही खुर्ची काय पेते?" वयनी ओरडली. "पलास्टिक पेत नाई. लुगडं पेते, दगड पेते. खुर्चीवरचं चमच्यानं काढ, ओलं फडकं टाकून ठेव, म्हंजे वाळनार नाई. तुही पाळी आखरीले."

पत्रूनं फडकं टाकलं अन् लेकरासारखा खुर्चीजवळ बसला.

नीलिमा घाबरली होती. घाबरली का ते चुलीकडं धावते, मले ठाऊक आहे. घरून गरम पान्याचा गंज घेऊन आली, वाफा निघत होत्या.

"गरम नाई माय! गरम पानी टाकलं का रंग पक्का. थंडं आन!" वयनी. "लुगडं उलटं धर, डागाची बाजू खाली. मागून धार सोड. म्हंजे जिथून आली तिथून बाहेर जाईन."

नीलिमा थंडं पानी आनाले गेली. तेवढ्यात माह्या साळ्यानं आपलं डोकं चालवलं.

माह्या साळ्याचं नाव प्रणित. मानूस वाईट नाई. कोनाच्याही कामाले पहिले धावते, अन् धावला का काम वाढते. तोंडात खर्रा, खिशात चुन्याची डबी. त्यानं पाह्यलं, लुगडं पांढरं, चुना पांढरा. बोटावर चुना घेतला अन् पदराच्या एका डागावर असा सफाईदार फिरवला, जसा भिंतीले हात मारते.

"झाकलं बावा," प्रणित म्हने. "पांढऱ्यावर पांढरं. कोनाच्या बापाले दिसत नाई."

वयनीनं जो आवाज काढला तो मी लिहू शकत नाई.

"अरे मुडद्या! मेंदी चढवाले चुना लावते, अन् तू काढाले लावून राह्यला? पाह्य! पाह्य त्याच्याकडं!"

आमी पाह्यलं. चुन्याच्या कडेनं डाग पिवळट होता तो तांबडा होऊन राह्यला होता. प्रणितनं घाबरून खर्रा गिळला अन् खोकलत बाहेर गेला. नीलिमानं बादली आनली अन् रडत रडत धार सोडली.

मी पाहून राह्यलो होतो ठमावयनीकडं. बोटं आपोआप वाकत होती, फडकं धराले. एकदा तर तिनं हात खाली नेला, मंग जसा चटका बसला तसा वर घेतला. नाक खाजवत होतं, त मान फिरवून खांद्याले घासलं. तिकडं नीलिमा डागाले जोरजोरात चोळत होती, इकडं माह्या हातातलं फडकं फरशीवर हिरवं पानी पसरवत होतं. चमच्यानं उचलून झालं होतं, पन मी पुसलं. म्या काय कधी फरशी पुसली आहे? जेवलेलं ताट उचललं असन त सांगा.

"टिपा रे, टिपा! घासू नोका!" वयनी म्हने. "कोरडं फडकं ठेव, दाब, उचल. नवी जागा घे. दाब, उचल. हरिदास, तुह्या हाताले हाडं आहे का नाई?"

म्या दाबलं अन् उचललं. फरशीवर ताटलीएवढा नारिंगी गोल दिसून राह्यला. तेवढ्यात प्रणित वापस आला. त्याच्या मनात होतं, चूक सुधारावी. त्याच्या हातात संडासाच्या असिडची निळी बाटली.

"भाऊ, सरका. याच्यानं दोन मिंटात..."

त्यानं झाकन फिरवलं. वयनी उठली कशी, मले दिसलंच नाई. दोन्ही हात डोक्याच्या वर, साठी पार केलेली बाई, तिनं चटईवरून असा पाय टाकला अन् धप्पकन त्या नारिंगी गोलावर बसली. फतकल मारून. तिच्या हिरव्या लुगड्याले साबन, मेंदी, सारं लागलं.

"टाक आता!" वयनी म्हने. "पहिले मले जाळ, मंग माह्या फरशीले."

प्रणितनं बाटली बंद केली. पत्रू हसाले लागला, मंग पुनम, मंग सारे. वयनी हसली नाई. ते रागानं लाल झाली होती.

मंग ते तशीच बसल्या जागून नीलिमाकडं पाह्यली. लुगड्याच्या पदरावर आजूनही डाग होते, अन् चुन्याचा तर लय ठळक. नीलिमाच्या हातून काई होत नोतं. वयनी उठली. सरळ बादलीकडं गेली.

"सरका साऱ्या. तुमच्यानं होत नाई. मीच धुतो."

बोलाची हिंमत कोनाची? संघप्रिया आपले भरलेले हात छातीशी धरून उभी होती, डोळ्यात पानी. वयनीनं दोन्ही हात बादलीवर नेले. पान्यात त्यायची सावली पडली. एक बोट जरी बुडवलं असतं त झालं असतं, मेंदी आजून ओलीच होती.

वयनीनं पान्यात पाह्यलं. मंग हात उलटे केले, तळवे वर. चांदवा पाह्यला. एक टोपी पाह्यली, दुसरी पाह्यली. मंग आमच्याकडं पाह्यलं: मी, नीलिमा, पत्रू, प्रणित. जसं आमाले पहिल्यांदाच मोजून राह्यली होती.

"नाई," वयनी म्हने. "नाई धुवत मी. पुसा तुमी. डाग राह्यला त राह्यला."

अन् ते वापस येऊन चटईवर बसली, हात वर करून.

बाप्पा! हे बाई विहारात मुंगी मेली तरी झाडून काढते. आता म्हनते डाग राह्यला त राह्यला! मले एकदम लाज वाटली. मी धोतर वर खोचलं, गुडघे टेकले अन् म्हनलं, "सांग वयनी. एकेक सांग. मी करतो."

मंग कुठी ते काम रीतीनं झालं. वयनी सांगे, आमी करू. उंटावरून शेळ्या हाकनं म्हनते ते हेच, फक्त इथी शेळ्या आमी होतो अन् एक शेळी खर्रा खात होती. नीलिमानं डागावर पातळ साबन टाकली, बुरसानं हळूहळू गोल फिरवलं, मागून थंडं पानी, पुन्हा साबन, पुन्हा पानी. दर धुन्याले रंग फिका होत गेला. नारिंगीचा पिवळा झाला, पन पिवळा मागं हटेना.

"बाबा, माह्या बॅगेत बाहेरच्या खान्यात तपकिरी बाटली आहे," संघप्रिया म्हने. "हायड्रोजन पेरॉक्साईड. युनिफॉर्मले रक्त लागलं का आमी त्याच्यानंच काढतो. पांढऱ्या सुतावर चालते. निळ्या काठाले लावू नोका, त्याचा रंग जाईन. आधी आतल्या कोपऱ्याले थेंब टाकून पाहा."

आतल्या कोपऱ्याले पाह्यलं, सूत जागेवर. मंग डागावर कापसानं लावलं, फेस आला, थोडा वेळ ठेवलं, धुतलं. दुसऱ्यांदा लावलं. सगळे डाग गेले. चुन्याचा तेवढा फिक्कट राह्यला, चिमटीएवढा. वयनीनं ताकीद दिली: "उन्हात टाकू नोका अन् इस्त्री फिरवू नोका, जवरी मी पाहत नाई. तापलं का उरलंसुरलं बसते." लुगडं सावलीत दोरीवर गेलं.

फरशीले साबनपान्यानं पुसलं, टिपलं. मंग खायचा सोडा त्या तपकिरी बाटलीतल्या औषधात भिजवून घट्ट लेप केला, त्या गोलावर थापला, वरून पन्नी घातली अन् कडा चिकटपट्टीनं दाबल्या. रात्रभर राहू द्याचा, दगडानं पेलं ते लेप वढून घेईन. सगळ्यात आखरी पत्रूची पाळी. फडकं उचललं, साबन, ओल्या कपड्यावर सोडा, हळू हातानं. तारेची घासनी त्यानं सोताच बाजूले फेकली. म्हने, "याच्यानं ओरखडे पडते, मंग ओरखड्यात रंग बसते." बारीकसा पिवळा उरला तो हाताले लावाच्या सॅनिटायझरनं पुसला. खुर्ची पुन्हा नवी. पत्रूनं तिच्यावर कोनाले बसू देलं नाई, लग्नातही नाई.

या साऱ्या वेळात ठमावयनीचं नाक तीनदा खाजवलं पुनमनं, पानी पाजलं संघप्रियाच्या मैतरनीनं, अन् माशी हाकलली प्रणितनं. प्रणित पेपर घेऊन शेजारीच बसला होता, तोंड उतरवून. संध्याकाळी वाळलेली मेंदी खरवडून काढली त आत रंग नारिंगी होता. प्रणितनं हळूच खिशातून चुन्याची डबी काढली.

"वयनी, आता लावू काय?"

वयनीनं त्याच्याकडं असं पाह्यलं, का मले वाटलं मेला आता. मंग तिनं हात पुढं केला.

"लाव मुडद्या. बोटभर. जास्ती नाई."

सकाळी विहारात पहिले मी गेलो, मंग वयनी आली. तिनं सोता पन्नी काढली, लेप लाकडी चमच्यानं उचलला, ओल्या फडक्यानं पुसलं. रंग नाई. कुठीच नाई. पन तिरपं पाह्यलं त तिथी ताटलीएवढी जागा मंद दिसून राह्यली, बाकीची फरशी चमकते तशी चमकत नोती. मेंदीत लिंबू होतं नं. डाग निघाला, पन आंबटानं पालिश खाल्ली होती.

मी वाट पाहून राह्यलो, का आता हे बाई रडन, नाईत मले शिव्या देईन. वयनीनं त्या जागेवरून बोट फिरवलं. बोटाची टोपी गर्द लाल झाली होती, चुन्यानं अन् रातभरात, पांढऱ्या दगडावर अशी उठून दिसे. वयनी बोटाकडं पाहून राह्यली, दगडाकडं नाई.

"मिस्त्री आला का पालिश मारून घेऊ," ते म्हने. "चाल, हार आनाचे आहे."

लग्न लागलं. संघप्रिया पांढऱ्या लुगड्यात उभी, चुन्याचा तो फिक्कट ठिपका खांद्यावरच्या पिनेच्या घडीत गेलता. बौद्धाचार्यायनं मेनबत्ती लावली अन् म्हनले, वंदना घेऊ, सगळ्यायनं हात जोडा. सारं विहार हात जोडून उभं राह्यलं. पहिल्या रांगेत ठमावयनी, नव्या पांढऱ्या पातळात. तिचे हात जोडलेले नाई. छातीसमोर उघडे, तळवे समोरच्या लोकांकडं, चांदवे सगळ्यायले दिसतीन असे.

म्या कोपरानं ढोसलं. "वयनी, हात जोड."

"जोडले त दिसन कसं?" ते म्हने. हळूच म्हने, पन ठमावयनीचं हळूच म्हंजे बौद्धाचार्यायलेही आयकू गेलं. ते थांबले. त्यायनं तिचे हात पाह्यले. मले वाटलं, आता हे रागावते. पन ते म्हनले, "बाई, रंग छान चढला." अन् मंगच पुढं सुरू केलं.

वयनीनं तवा हात जोडले. सारे पंचशील म्हनत होते, तेही म्हनत होती, मोठ्यानं, डोळे मिटून. मी बाजूले होतो, मले दिसत होतं. मधातच तिनं एक डोळा उघडला, तळहात जरासे फाकवले अन् आत पाह्यलं, रंग पुसला त नाई.